गोखले पुलाची बातमी: वर्गासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

५ मे २०२५, सोमवार

संध्याकाळच्या वर्गात काम मिळालं. दुरुस्ती रखडलेल्या एखाद्या पुलावर बातमी, अडीचशे शब्द, मथळा आठ शब्दांच्या आत, रचना उलट्या पिरॅमिडची. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं वर, मग उतरत्या क्रमाने बाकीचं, आणि शेवटचा परिच्छेद कापला तरी वरची बातमी अपुरी वाटता कामा नये. सर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं होते, त्यामुळे त्यांची परीक्षा सरळ आहे: कागद टेबलावर ठेवतात आणि खालून घडी घालत वर येतात.

आम्ही दोघींनी अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल निवडला. रोजच्या येण्याजाण्यातला आहे, आणि अंधेरी पूर्व-पश्चिम करणाऱ्या प्रत्येकाचं त्याच्यावर मत तयार आहे. मत तयार असणं हीच पहिली अडचण ठरणार, हे वर्गातच दिसलं. जोडीदारणीने वहीत पहिली ओळ लिहिली ती अशी: "प्रशासनाच्या भोंगळ कारभारामुळे अंधेरीकर बेजार." सर शेजारून जाताना वाचून म्हणाले, "अगं, भोंगळ कोण म्हणतंय? तू, की तुझा कोणी स्रोत?"

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी साफ करून घेतली. काम 'दुरुस्ती'वर असलं तरी हा पूल दुरुस्त झालेला नाही. जुना पाडून तिथे नवा बांधला जातोय. बातमीत दुरुस्ती लिहिलं की ती पहिल्याच ओळीत चुकली. सरांना विचारलं, चालेल म्हणाले.

६ मे, मंगळवार

लिहायला न बसता आधी तारखांची वही केली. एका पानावर फक्त घडलेल्या गोष्टी:

३ जुलै २०१८. सकाळच्या वेळी पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, पश्चिम रेल्वे ठप्प झाली. या दुर्घटनेत दोघांचा जीव गेला.
७ नोव्हेंबर २०२२. पूल धोकादायक ठरल्याने वाहतुकीसाठी पूर्ण बंद.
डिसेंबर २०२३ ची सुरुवात. पहिल्या बाजूचा गर्डर, म्हणजे पूल पेलणारा पोलादी सांगाडा, रुळांवरून सरकवला.
२६ फेब्रुवारी २०२४. एक बाजू खुली.
४ जुलै २०२४. खुल्या बाजूची बर्फीवाला उड्डाणपुलाशी जोडणी हलक्या वाहनांसाठी सुरू.
सप्टेंबर २०२४. दुसऱ्या बाजूचा गर्डर सरकवला.

दुसऱ्या पानावर फक्त दिलेली वचनं. पूल बंद केला तेव्हा दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत देऊ असं सांगितलं गेलं होतं. मग ते नोव्हेंबर २०२३ वर गेलं, मग फेब्रुवारी २०२४ वर. दुसऱ्या बाजूसाठी महापालिकेने दिलेली तारीख ३० एप्रिल २०२५, म्हणजे गेल्याच आठवड्यातली.

ही दोन पानं वेगळी ठेवायचं कारण आज दिवसभरात कळलं. जुन्या बातम्या वाचताना घडलेलं आणि घडणार म्हटलेलं एकाच वाक्यात गुंडाळलेलं असतं. 'पूल मेमध्ये खुला होणार' हे मथळ्यात असतं, आणि वर्षभराने कोणी ते कात्रण पाहिलं की मेमध्ये खुला झाला असंच डोक्यात बसतं. विलंबाची बातमी लिहायची तर विलंब कोणत्या तारखेपासून मोजला ते सांगावं लागतं. मे २०२३ पासून मोजला तर दोन वर्षं, ३० एप्रिलपासून मोजला तर सहा दिवस. दोन्ही खरं आहे, पण इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, एकच बसेल.

आजचा बराच वेळ गर्डरच्या मागे गेला. वजन सुमारे १३०० टन. तो रुळांच्या वर उंचावर जोडायचा, रेल्वेने रात्रीचा ब्लॉक दिला की आडवा सरकवत पलीकडे न्यायचा, आणि मग सात-साडेसात मीटर खाली उतरवून खांबांवर टेकवायचा. खालून लोकल चालू, वर विजेच्या तारा, त्यामुळे उतरवणं हप्त्याहप्त्याने होतं. वाचायला फार मजा आली. बातमीत याला किती जागा मिळेल याचा विचार तेव्हा केला असता तर लवकर झोपले असते.

७ मे, बुधवार

पहिला मसुदा. इंट्रो असा उतरला:

"धोकादायक ठरल्याने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीसाठी बंद करण्यात आलेल्या, अंधेरी पूर्व व पश्चिमेला जोडणाऱ्या आणि २०१८ मध्ये पादचारी भाग कोसळून दोघांचा बळी गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाच्या दुसऱ्या बाजूचे काम महापालिकेने दिलेल्या ३० एप्रिलच्या मुदतीतही पूर्ण होऊ शकलेले नाही."

व्याकरण बरोबर, तारखा बरोबर, आणि तरी हा पिरॅमिड सरळच उभा आहे. बातमी काय, तर काम पूर्ण झालेलं नाही. ती शेवटच्या चार शब्दांत आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे विशेषणांची माळ लावत गेलं की वाचक श्वास रोखून शेवटाची वाट पाहतो. पाठ्यपुस्तकात सांगतात की पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे, कधी, का, कसं ही सगळी उत्तरं द्या. मराठीत ती सगळी एका वाक्यात कोंबली की 'काय' तळाशी जातं.

उपाय साधा निघाला. वाक्य तोडायचं. पहिल्या वाक्यात फक्त काय आणि कुठे, क्रियापद दहा-बारा शब्दांत यायलाच हवं. बाकी दुसऱ्या वाक्यात.

"अंधेरीच्या गोखले पुलाची दुसरी बाजू ३० एप्रिलची मुदत उलटूनही बंदच आहे. धोकादायक ठरलेला पूल बंद केल्याला अडीच वर्षे झाली तरी वाहने अजून अर्ध्याच पुलावरून जात आहेत."

२०१८ ची दुर्घटना खाली गेली. जोडीदारणीला हे पटत नव्हतं. माणसं गेली ती वर नकोत का, असं तिचं म्हणणं. मला तो प्रश्न रास्त वाटला. पण आजची बातमी मुदतीची आहे, आणि दुर्घटना पूल का बंद झाला ते समजायला लागते. शिवाय ती तळाशी टाकली तर कापली जाईल, म्हणून तिसऱ्या परिच्छेदात घेतली. तळाच्या वर, पण इंट्रोच्या खाली. डेस्कवर पार्श्वभूमी तळाला ढकलायची सवय असते; इथे ती आंधळेपणाने पाळली तर दोन मृत्यू घडीखाली जातात.

आज घरी-दारी सगळ्यांच्या तोंडी सीमेवरच्याच बातम्या. पुलाची बातमी उद्या खरंच कोणी छापायला घेतली असती तर किती जागा मिळाली असती कोण जाणे.

८ मे, गुरुवार

बर्फीवाला उड्डाणपुलाची भानगड. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

जुना गोखले पूल पश्चिमेकडे बर्फीवाला उड्डाणपुलाला जोडलेला होता. नवा पूल रेल्वेच्या बदललेल्या निकषांप्रमाणे रुळांपासून जास्त उंच बांधावा लागला. बर्फीवाला मात्र होता तिथेच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू खुली झाली तेव्हा दोन पूल समोरासमोर उभे, मध्ये पायरी. मुंबईभर त्याची टिंगल झाली. मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा तो भाग जॅक लावून उचलला गेला.

आता फरक किती मीटरचा? एका कात्रणात दीड मीटर, दुसऱ्यात दोन, आणखी एकात जवळपास तीन. आम्ही आधी वाद घालत बसलो की कोणतं वर्तमानपत्र जास्त भरवशाचं. मग उचलण्याचे आकडे सापडले: एका बाजूला १३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर. म्हणजे भाग सपाट उचललेलाच नाही, तिरका उचललाय, एक टोक जास्त आणि एक कमी. त्यावरून हेही सुचलं की दोन पुलांमधलं अंतर आणि पूल किती उचलला ते, हे दोन वेगळे आकडे आहेत. उतार देऊन जोडायचं असेल तर सगळंच अंतर उचलावं लागत नाही.

म्हणून बातमीत आम्ही अंतराचा आकडा दिलाच नाही. उचलण्याचा दिला, कारण तो एकच आणि नेमका आहे. मिलिमीटर वाचकाला कळत नाहीत म्हणून "एका बाजूला सुमारे १.४ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५ सेंटिमीटर" असं केलं. जो आकडा तीन ठिकाणी तीन वेगळा दिसतो, तो बहुधा तीन वेगळ्या गोष्टींचा असतो. कोणता खरा हे मतदानाने ठरवत बसू नये.

उशिराची कारणं लिहितानाही असंच. गर्डर अंबाल्याच्या कारखान्यात तयार होत होता. पोलाद वेळेवर न मिळणं आणि २०२३ च्या पावसाळ्यातला तिकडचा पूर ही कारणं त्या वेळी पालिकेकडून सांगितली गेली होती. आम्ही "पुरामुळे काम रखडले" असं न लिहिता "पुरामुळे गर्डर उशिरा आल्याचे पालिकेने तेव्हा सांगितले होते" असं लिहिलं. पाच शब्द वाढले. पूर आला होता हे खरं, पण सगळा उशीर त्याच्यामुळेच झाला हे ठरवायला आमच्याकडे काही नव्हतं.

१० मे, शनिवार

दुपारी पुलावर. अर्ध्या पुलावर दोन्ही दिशांची वाहनं, दुसऱ्या अर्ध्यावर रंगकाम आणि आवराआवर. जोडीदारणीने रिक्षाचालकांशी बोलून घेतलं, मी स्टेशनजवळच्या दुकानदारांशी. रिक्षावाल्यांपैकी बहुतेकांचं म्हणणं असं की पूर्ण बंद होता तेव्हाचे दिवस आठवले तर अर्धा पूलही पुष्कळ आहे. आम्हाला संतापाचं अवतरण हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. एका दुकानदाराने मात्र विचारलं, "तुम्हाला काय ऐकायचंय ते सांगा, तसं बोलतो." त्याचं बोलणं बातमीत कामाला आलं नाही, पण त्याचं बरोबर होतं.

निघताना समजलं की पूल उद्या पूर्ण खुला होतोय.

लोकलमध्ये दोघीही गप्प. 'मुदत उलटूनही बंदच' या वाक्यावर आख्खी बातमी उभी होती.

११ मे, रविवार

पूल दोन्ही बाजूंनी खुला झाला.

सकाळी पहिला विचार आला तो इंट्रोवर एक ओळ चढवायची आणि बाकी तसंच ठेवायचं. करून पाहिलं. वर "खुला झाला", दुसऱ्या परिच्छेदात "वाहनचालकांना अजूनही", तिसऱ्यात "कधी खुला होणार हे स्पष्ट नाही". टोपी नवी आणि अंग जुनं. पिरॅमिडचं टोक बदललं की खालचा क्रमही बदलतो, हे लिहिताना हाताला कळतं. कालपर्यंत मुदत हा विषय होता, आज तो दुसऱ्या क्रमांकावर. कालपर्यंत बर्फीवाला ही उशिराची एक गोष्ट होती, आज वाचकाचा प्रश्न आहे की पूर्ण पुलावरून मी कुठून कुठे जाऊ शकतो. तेव्हा सगळं फाडून नव्याने.

मथळ्यावर दुपार गेली. नाकारलेले मथळे आणि का नाकारले ते:

"गोखले पुलाच्या कामाला विलंब". यात बातमीच नाही. हा मथळा २०२३ मध्येही चालला असता.

"अखेर गोखले पूल खुला". अखेर हा सुस्कारा आमचा आहे. शिवाय त्याने जागा खाल्ली आणि किती उशिराने ते सांगितलं नाही.

"अडीच वर्षे बंद असलेला गोखले पूल खुला". जोडीदारणीचा, आणि आम्हा दोघींना आवडलेला. पण खोटा आहे. पूल पूर्ण बंद होता तो ७ नोव्हेंबर २०२२ ते २६ फेब्रुवारी २०२४, म्हणजे पंधरा महिन्यांहून थोडा जास्त काळ. त्यानंतर अर्धा चालूच होता. तारखांचं पहिलं पान समोर नसतं तर हाच मथळा गेला असता.

"९१६ दिवसांनी गोखले पूल पूर्ण". मोजून काढलेला आकडा, बरोबर आहे. पण दिवसांत सांगितल्याने वाचकाला काही जास्त कळत नाही, नुसतं डोळ्यांत भरतं.

ठरलेला: "गोखले पूल अडीच वर्षांनी पूर्ण खुला". सहा शब्द. 'पूर्ण' काढला तर मथळा चुकतो, म्हणून तो हटवायचा नाही असं कागदावर वर लिहून ठेवलं.

१२ मे, सोमवार

दिलेली प्रत अशी:

> गोखले पूल अडीच वर्षांनी पूर्ण खुला
> *पालिकेची ३० एप्रिलची मुदत ११ दिवसांनी हुकली*
>
> प्रतिनिधी, मुंबई
>
> अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल रविवारी दोन्ही बाजूंनी वाहतुकीसाठी खुला झाला. धोकादायक ठरल्याने तो ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद करण्यात आला होता.
>
> पुलाची दुसरी बाजू ३० एप्रिलपर्यंत पूर्ण करण्याची मुदत महापालिकेने दिली होती. ती ११ दिवसांनी हुकली. पहिली बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली होती; तेव्हापासून दोन्ही दिशांची वाहतूक त्या एकाच बाजूवरून होत होती.
>
> या पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला होता. त्या दुर्घटनेत दोघांचा मृत्यू झाला. नंतरच्या तपासणीत पूल धोकादायक ठरला आणि तो पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय झाला.
>
> पूल बंद करताना दोन मार्गिका मे २०२३ पर्यंत सुरू करण्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात त्याला आणखी नऊ महिने लागले. पोलादाची टंचाई आणि अंबाल्यातील पुरामुळे गर्डर उशिरा आल्याचे पालिकेने तेव्हा सांगितले होते.
>
> नवा पूल उंच झाल्याने तो शेजारच्या सी. डी. बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळत नव्हता. व्हीजेटीआयच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा भाग एका बाजूला सुमारे १.४ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५ सेंटिमीटर उचलण्यात आला. ही जोडणी ४ जुलै २०२४ रोजी हलक्या वाहनांसाठी खुली झाली.
>
> दुसऱ्या बाजूचा गर्डर सप्टेंबर २०२४ मध्ये रात्रीच्या रेल्वे ब्लॉकमध्ये रुळांवरून सरकवण्यात आला. प्रत्येक गर्डरचे वजन सुमारे १३०० टन आहे.

रिक्षाचालक आणि दुकानदार दोन्ही गळले. शनिवारी त्यांनी जे सांगितलं ते अर्ध्या पुलाबद्दल होतं. रविवारच्या बातमीत ते घालणं म्हणजे शिळं अवतरण ताज्या तारखेखाली छापणं. रविवारी परत जाऊन नवीन घ्यायला हवी होती, मथळ्यात दुपार घालवली त्याऐवजी. बातमीत त्यामुळे एकही माणूस बोलत नाही, हे प्रत देतानाच दिसत होतं.

१४ मे, बुधवार

सरांनी प्रत टेबलावर ठेवली आणि खालून घडी घातली. गर्डर गेला. मंगळवारची माझी संध्याकाळ त्या एका ओळीत होती. ती जाताना बातमीला काहीही झालं नाही. दुसरी घडी, बर्फीवाला गेला. इथे थांबून म्हणाले, "याने मला अडचण आहे. पश्चिमेच्या माणसाला नेमकं हेच हवंय." तेव्हा चर्चा झाली, आणि बर्फीवालाचं शेवटचं वाक्य, जोडणीचं, दुसऱ्या परिच्छेदात घ्यावं असं ठरलं. उचलण्याचे आकडे खाली राहिले तर चालतील. तिसरी घडी, मुदतींचा परिच्छेद. वरचं उरलेलं तरीही उभं राहिलं: खुला झाला, कधी बंद झाला होता, किती उशीर, दोघांचा मृत्यू.

एक शेरा उपमथळ्यावर. मुदत 'हुकली' हे बरोबर, पण '११ दिवसांनी' वाचून पालिकेचं काम जवळजवळ वेळेवर झालं असं वाटतं, आणि मे २०२३ चं वचन चौथ्या परिच्छेदात दडलंय. सर म्हणाले, मोजमाप कुठून सुरू करायचं हे निवडलं की बाजू निवडली जाते, मग निदान दोन्ही मोजमापं जवळजवळ ठेवा. दुरुस्त प्रतीत दुसरा परिच्छेद मे २०२३ पासून सुरू केला, आणि उपमथळा "पहिले आश्वासन मे २०२३ चे, शेवटची मुदतही हुकली" असा केला.

अवतरण नसल्याचे गुण गेले. अपेक्षित होतं.

१७ मे, शनिवार

दुरुस्त प्रत जमा केली. तारखांची वही वर्गाच्या कपाटात ठेवली आहे, पुढच्यांना उपयोगी पडेल म्हणून. तिच्यात तिसरं पान कोरं सोडलंय, सायन स्थानकाजवळच्या पुलासाठी. तो १ ऑगस्ट २०२४ पासून वाहनांसाठी बंद आहे, आणि बंद करण्याच्या तारखाही आधी बऱ्याचदा पुढे ढकलल्या गेल्या होत्या. ज्यांना तो घ्यायचा असेल त्यांनी वचनांचं पान आत्तापासूनच भरायला घ्यावं. नंतर कात्रणं शोधताना ती एकमेकांत मिसळतात.